बत्तीस संघांची स्पर्धा आणि ७६,६६० रुपयांची तूट

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातलं तरुण मंडळ दर जानेवारीत टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरवतं. २०२५ साली त्यांनी ती पहिल्यांदा ‘भव्य’ केली. पहिलं बक्षीस ५१,००० रुपये. स्पर्धा झाली, फटाके वाजले, विजेत्यांची मिरवणूकही निघाली. पंधरा दिवसांनी मंडपवाला दारात आला आणि मंडळाच्या खात्यात त्याला द्यायला पैसे नव्हते. मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस, मंडळातला खजिनदार माझ्या गल्लीतला. एका रात्री तो पिशवीभर चिठ्ठ्या, बिलं आणि फोनपेच्या नोंदींचे फोटो घेऊन घरी आला. म्हणाला, “काका, कुठं गेलं पैसं तेवढं सांगा. खाल्लं न्हाई कुणी.”

कुणी खाल्ले नव्हते हे मलाही पहिल्या दोन तासांतच पटलं. असल्या स्पर्धेत पैसे खाल्ल्याच्या अफवा फार उठतात. खरं म्हणजे पैसे कुठे जाणार आहेत हे आधी कुणी मोजलेलंच नसतं. तो हिशेब मांडताना जे दिसलं ते, आणि त्यावरून २०२६ ची स्पर्धा कशी बेतली ते, इथं लिहितो आहे. आकडे मंडळाच्या वहीतले आहेत. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण दुखणं बहुधा हेच असेल.

डिसेंबरच्या बैठकीत अंदाजपत्रक म्हणून जे झालं ते असं. आधी फलकावर आकडा ठरला. शेजारच्या गावाने ४१,००० ठेवले होते, म्हणून आपले ५१,०००. दुसरं ३१,०००, तिसरं ११,०००, चौथं ७,०००. बरोबर एक लाख. मग कुणीतरी म्हणालं, बत्तीस संघ येतील, प्रत्येकी ३,००० फी घेऊ, म्हणजे ९६,००० झाले. पहिलं बक्षीस गावातल्या एका बागायतदारांनी वडिलांच्या स्मरणार्थ देतो म्हटलं, दुसरं एका कंत्राटदारांनी. म्हणजे आणखी ८२,०००. जमा १,७८,०००, बक्षिसं एक लाख, बाकीचा खर्च सत्तर हजारांच्या आत. आठ हजार शिल्लकच राहणार. त्या शिल्लकीत नवीन स्टंप आणि मॅट घ्यायचं ठरवूनच पोरं उठली.

प्रत्यक्षात काय झालं ते आधी शेजारी शेजारी ठेवतो.

| बाब | बैठकीतला अंदाज (रु.) | झालेलं (रु.) |
|---|---|---|
| जमा: प्रवेश फी | ९६,००० | ७७,००० |
| जमा: बक्षिसांच्या देणग्या | ८२,००० | ५६,००० |
| जमा: स्टॉलचं भाडं | – | २,००० |
| खर्च: मैदान आणि तयारी | १३,८०० | २२,५०० |
| खर्च: पंच, गुणलेखक, समालोचक | १९,२०० | २८,८०० |
| खर्च: मंडप, स्पीकर, लाइट | १२,००० | २५,००० |
| खर्च: ट्रॉफी आणि सत्कार | १२,५२० | १८,५२० |
| खर्च: बॉल, चहापाणी, फलक | १२,३२० | १६,८४० |
| खर्च: रोख बक्षिसं | १,००,००० | १,००,००० |

जमा १,३५,०००, खर्च २,११,६६०, तूट ७६,६६०. आठ हजारांची शिल्लक धरली होती, म्हणजे अंदाज साधारण ८५,००० रुपयांनी चुकला. त्यातले ४३,००० जमेच्या बाजूने चुकले आणि जवळजवळ तेवढेच, ४१,८२०, खर्चाच्या बाजूने. पोरांना वाटत होतं की एखादं मोठं बिल डोक्यावर बसलं असेल. तसं एकही नव्हतं. पण खर्चाच्या ओळी उलगडत गेलो तसं दिसलं की त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच कारणाला बांधलेल्या आहेत, आणि ते कारण पैशाचं नव्हतंच, वेळेचं होतं.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत सामने किती होतात याला डोकं लागत नाही. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरतो, म्हणून संघांपेक्षा एक कमी. बत्तीस संघ, एकतीस सामने. आता एका सामन्याला वेळ किती लागतो? सहा-सहा षटकांचा सामना म्हणजे बारा षटकं. टेनिस बॉलला गोलंदाज धावून येणार, बॉल उसात जाणार, क्षेत्ररक्षण बदलणार, षटकाला चार मिनिटं धरली तर ४८ मिनिटं. डाव बदलायला आणि पुढच्या संघांनी मैदानात उतरायला सात मिनिटं धरा. पंचावन्न मिनिटं झाली. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, आणि त्याच्या थोडं आधीच पांढरा बॉल दिसेनासा होतो. सकाळी नऊला पहिला बॉल पडला तर संध्याकाळी सहापर्यंत नऊ तास मिळतात. त्यात नऊ सामने कागदावर बसतात, मैदानावर आठ.

मंडळाने तीन दिवस मैदान घेतलं होतं. शुक्रवार २४, शनिवार २५ आणि रविवार २६ जानेवारी. तीन दिवसांत एकतीस सामने म्हणजे रोज दहाच्या वर. हे गणित कुणी केलंच नव्हतं, कारण बैठकीत चर्चा बक्षिसाची झाली, दिवसांची नाही.

शुक्रवारी उद्घाटन नऊला होतं. पाहुणे साडेदहाला आले, भाषणं, नाणेफेक, फोटो, पहिला बॉल सव्वाअकराला पडला. दिवसभरात सहा सामने झाले. शनिवारी मागचा अनुशेष भरून काढायचा म्हणून दुपारी तीनला एका लाइटवाल्याला फोन गेला. ऐनवेळचं काम, त्यामुळे जनरेटरसकट ९,००० रुपये आणि घासाघीस नाही. दहा सामने झाले. त्यापुढे जाता आलं नाही, कारण रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे, आणि बीट हवालदारांनी साडेनऊलाच येऊन आठवण करून दिली होती. रविवारी २६ जानेवारी. मैदान शाळेचं, सकाळी ध्वजवंदन, कवायत, मुलांचे कार्यक्रम. मैदान हातात आलं अकराला. सात सामने. उपांत्य आणि अंतिम सामना सोमवारवर गेला. कामाचा दिवस, प्रेक्षक शे-दीडशे. ५१,००० चा अंतिम सामना म्हशी धुऊन परतणाऱ्यांनी आणि शाळा चुकवलेल्या पोरांनी बघितला.

या चौथ्या दिवसाची आणि शनिवारच्या रात्रीची किंमत मी वेगळी काढली. मैदानाचं भाडं आणखी एक दिवस ३,०००. तीन पंच, दिवसाला प्रत्येकी १,२००, शिवाय रात्रीचे ६०० जादा, मिळून ५,४००. गुणलेखकाचे १,२००, समालोचकाचे ३,०००. मंडप आणि स्पीकर एक दिवस ४,०००. लाइट ९,०००. एकूण २५,६००. म्हणजे वाढलेल्या ४१,८२० पैकी सहा आणे नव्हे, चांगले दहा आणे इथे गेले. उरलेल्यात पाण्याचे टँकर, चहापाणी, सत्कार आणि शाळेने अनामतीतून कापलेले २,५०० होते. दोन खिडक्यांच्या काचा आणि मैदानातला कचरा, याबद्दल.

आता न आलेल्या संघांकडे वळतो, कारण ते दोन्हीकडून मारतात हे मलाही आधी लक्षात आलं नव्हतं.

बत्तीस नावं फोनवर घेतली होती. “दादा, आमचं नाव टाका, पैसं घिऊन येतोच की.” चिठ्ठ्या टाकल्या त्या रात्रीपर्यंत पूर्ण फी दिलेले संघ एकवीस होते. सहा संघांनी हजार-हजार ॲडव्हान्स दिला होता. त्यातल्या चौघांनी खेळायच्या दिवशी उरलेले भरले, दोन संघ फिरकलेच नाहीत. दोन संघ ‘बक्षिसातून कापून घ्या’ म्हणून उधारीवर खेळले आणि पहिल्याच सामन्यात हरून टेम्पोत बसून गेले. तीन संघांनी नाव दिलं, पैसे नाही आणि पायही नाही. ९६,००० चे ७७,००० असे झाले.

ही १९,००० ची खोट सगळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. न आलेल्या पाच संघांसाठी प्रत्येक वेळी अर्धा तास थांबावं लागलं. समालोचक माईकवरून नाव पुकारतोय, समोरचा संघ पॅड बांधून बसलाय, कुणीतरी फोन लावतोय, पलीकडून “आलोच, भिलवडी नाक्यावर हाय” असं उत्तर येतंय. अखेर समोरच्याला पुढे चाल. पाच वेळा अर्धा तास म्हणजे अडीच तास, म्हणजे जवळजवळ तीन सामने. आणि चौथ्या दिवशी सामने किती खेळवले? तीन. तो सोमवार या पाच संघांनी लादला असं मी म्हणत नाही, उद्घाटन आणि ध्वजवंदनाचा वाटाही मोठा होता. पण पाच सामने रद्द होऊनही दिवस वाढला, हे मंडळातल्या कुणालाच पटत नव्हतं. पुढे चाल दिली की वेळ वाचतो असं वाटतं. संघ येणार नाही हे आदल्या रात्री कळलं तरच वाचतो.

खजिनदाराने मग एक चांगला प्रश्न विचारला. तीन दिवसांत बसणाऱ्या चोवीसपेक्षा आठ संघ जास्त घेतले म्हणून फायदा झाला की तोटा? बसून काढलं. आठ संघ वाढले की आठ सामने वाढतात, म्हणजे एक पूर्ण दिवस. त्या एका दिवसाला मैदान, पंच, गुणलेखक, समालोचक, मंडप मिळून १३,४०० लागतात. वर चहापाणी १,७००, दोन टँकर १,६००, सोळा बॉल ९६०, सामनावीराच्या आठ छोट्या ट्रॉफ्या ९६०. एकूण १८,६२०. आठ संघ पूर्ण फी देतील तर २४,००० येतात, म्हणजे पाच हजारांचा फायदा. सात जणांनी दिली तर अडीच हजारांच्या आत. सहाच जणांनी दिली तर १८,०००, आणि तिथे तोटा सुरू. आमच्याकडे शेवटच्या आठ-दहा संघांतूनच बुडवणारे निघाले होते. नाव शेवटी देणारा पैसेही शेवटी देतो. हे माझं मत आहे, पण पतसंस्थेत पंचवीस वर्षं काढून झालेलं आहे.

फीबद्दल एक बाजू संघांचीही ऐकली पाहिजे. बाद पद्धतीत निम्मे संघ एकच सामना खेळून परत जातात. त्यांच्या लेखी ३,००० म्हणजे पंचावन्न मिनिटांचे पैसे, बारा जणांत वाटले तर डोक्याला अडीचशे. स्पर्धा ‘ओपन’ असली आणि पहिलं बक्षीस मोठं असलं की कोल्हापूर, सातारा, कऱ्हाडकडचे ठरवून आणलेले खेळाडू घेऊन चार-पाच संघ येतात. ते फी लगेच भरतात. पण ते येणार हे कळलं की आसपासच्या गावातले साधे संघ मागे सरतात, कारण आपला नंबर पहिल्याच दिवशी त्यांच्याशी लागणार हे त्यांना माहीत असतं. मंडळाला वाटत होतं बक्षीस वाढवलं की संघ वाढतील. वाढले ते फोनवरचे. मोठ्या आकड्याने गावोगावचे हौशी संघ ओढले जात नाहीत, उलट बिचकतात.

देणग्यांचं प्रकरण नाजूक. ३१,००० ज्यांनी कबूल केले त्यांनी आदल्या दिवशीच ट्रान्सफर केले. ५१,००० वाल्यांनी व्यासपीठावर पाकीट दिलं, फोटो झाला. पाकिटात २५,००० होते. “उरलेलं ऊसबिल आलं की देतो,” असं त्यांनी अध्यक्षांना कानात सांगितलं. माणूस खोटा नाही. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळावं असं ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण त्या चौदा दिवसांवर आमच्याकडे कुणी लग्नाची तारीख धरत नाही, बक्षिसाची तरी का धरावी? विजेत्या संघाला मात्र त्याच रात्री रोख ५१,००० मोजून द्यावे लागले. ते प्रवेश फीच्या पैशातून गेले. पंचांचे, मंडपवाल्याचे पैसे त्यामुळे अडकले आणि अखेर चौदा सभासदांनी खिशातून भरले. जमाखर्चात ते २६,००० ‘येणे’ म्हणून दिसतात. हातात नसलेले पैसे जमेत धरायचे नाहीत, एवढी साधी रीत पाळली असती तर फलकावर ५१,००० छापलेच गेले नसते.

पंचांवर मंडळात भांडण झालं होतं. एका गटाचं म्हणणं, तालुक्याहून पंच आणून १६,२०० घालवण्यापेक्षा गावातलेच चार जुने खेळाडू उभे केले असते तर फुकटात झालं असतं. मी क्रिकेट फार जाणत नाही, पण वही जाणतो. आदल्या वर्षी गावातलेच पंच होते, आणि उपांत्य सामन्यात धावबादच्या एका निर्णयावर पाऊण तास खेळ थांबला होता. पाऊण तास म्हणजे एक सामना, आणि वर पाहुण्या संघाने पुढच्या वर्षी न येण्याची शपथ घेतली. म्हणजे तीन हजारांची फी गेली. बाहेरचा पंच चुकला तर तो चुकला असं म्हणतात. गावातला चुकला तर त्याने लबाडी केली म्हणतात. तिघांना आलटून पालटून उभं करायचं, दोघे मैदानात, एक सावलीत, ही पद्धत बरी होती. सहा तास सलग उन्हात उभ्या असलेल्या माणसाला चार वाजता वाइड नीट दिसत नाही. आणि पैसे सामन्यावर न ठरवता दिवसावर ठरवलेले होते, तेही बरोबर होतं. सामन्याला इतके असं ठरवलं की घाई सुरू होते. मी पंचांच्या ओळीला हात लावू दिला नाही.

हात लावला तो सत्काराला. बैठकीतल्या अंदाजात ही ओळच नव्हती. प्रत्यक्षात चोवीस पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह, माणशी अडीचशे, म्हणजे ६,०००. यातला एकही पाहुणा बोलावला नव्हता असं नाही, पण निम्मे असे आले होते की त्यांना बोलावलं आहे हे अध्यक्षांना व्यासपीठावरच कळलं. एक सत्कार चार मिनिटं खातो. चोवीस सत्कार म्हणजे पुन्हा दीड तास. पैसे आणि वेळ एकाच भोकातून गळतात ते असे. समालोचकाचं मात्र काम सुरेख होतं. दर तासाला तो आठवण करून द्यायचा की विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडायच्या.

२०२६ साठी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी दिवस, मग सामने, मग संघ, मग फी, आणि बक्षीस सगळ्यात शेवटी.

शाळेचं मैदान तीनच दिवस मिळेल असं गृहीत धरलं. दिवसाला आठ सामने, म्हणजे जास्तीत जास्त चोवीस. म्हणून संघ चोवीस, सामने तेवीस. चोवीस हा आकडा बाद पद्धतीत नीट बसत नाही असं पोरांना वाटलं, पण बसतो. सोळा संघ पहिली फेरी खेळतात, आठ जणांना चिठ्ठीने बाय मिळतो. पहिल्या दिवशी पहिल्या फेरीचे आठ सामने. दुसऱ्या दिवशी विजेते आठ आणि बायवाले आठ यांचे आठ. तिसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व चार, उपांत्य दोन, अंतिम एक, मिळून सात, आणि एक सामन्याइतकी जागा शिल्लक, कारण उपांत्य आणि अंतिम सामने आठ षटकांचे. एका बायवाल्या संघाने भांडण काढलं की आम्ही फी भरूनही एक सामना कमी. दुसऱ्या फेरीत हरले तर त्यांचा एक सामना झाला, पहिल्या फेरीत हरणाऱ्याचाही एकच. हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा गप्प बसले.

तारखा बदलल्या. शनिवार १०, रविवार ११ आणि तिसरा दिवस पुढच्या रविवारी, १८ जानेवारीला. मधल्या आठवड्यात संक्रांत, पण ती बुधवारी. २६ जानेवारी मुद्दाम टाळली. तिसरा दिवस वेगळा काढल्याने खेळपट्टीवर पुन्हा रोलर फिरवावा लागला आणि मंडपवाल्याने परत येण्याचे पैसे घेतले, ते आकस्मिक खर्चातून दिले. बदल्यात अंतिम सामन्याला सुट्टीचा दिवस मिळाला आणि स्टॉलवाले स्वतःहून जागा मागत आले. शाळेकडून यावेळी वेळ, पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि अनामत हे पाचही मुद्दे लेखी घेतले. खिडक्यांना पोरांनी शेडनेट बांधलं.

फी ३,००० च ठेवली, पण प्रवेश मिरज, तासगाव आणि पलूस या तीन तालुक्यांपुरता, आणि एका गावाचा एकच संघ. चिठ्ठ्या टाकायच्या रात्री आठपर्यंत ज्याची पूर्ण फी खात्यात, त्याचीच चिठ्ठी डब्यात. ॲडव्हान्स नाही, उधार नाही. पहिल्यांदा कुरकुर झाली. दोन संघ गळाले, पण प्रतीक्षा यादीतल्या दोघांनी त्याच रात्री पैसे पाठवले. चोवीस संघ, ७२,०००, एकही रुपया येणे नाही. आणि ज्याने तीन हजार आधी भरलेत तो संघ मैदानावर येतोच. तिन्ही दिवसांत एकदाही पुढे चाल द्यावी लागली नाही.

बक्षिसांसाठी देणगीदारांकडे फलक छापण्याआधी गेलो. जेवढे खात्यात येतील तेवढाच आकडा फलकावर, हे स्पष्ट सांगितलं. अध्यक्षांना हे बोलायला जड गेलं, मला नाही, मी रोज वसुलीच करतो. ३१,००० आणि २१,००० आले. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांना प्रत्येकी ५,००० मंडळाने ठेवले आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा वेगळा सामना ठेवला नाही. बक्षिसं ६२,०००. सीमारेषेवर सहा दुकानदारांचे फलक, प्रत्येकी २,०००. एकूण जमा १,३६,०००.

खर्चाकडे मैदान ९,०००, तयारी ८,०००. यात सहा टँकर आधीच धरले. आमची काळी माती, रोलर फिरला तरी अकरानंतर धूळ उडायला लागते, आणि फलंदाजाला बॉल दिसला नाही की खेळ थांबतो. पंच १०,८००, गुणलेखक २,४००, समालोचक ६,०००. मंडप लहान केला, ९,०००. बॉल सहा डझन, ४,३२०. मागच्या वर्षी सात डझन गेले होते, त्यातले तीसेक लेग साइडच्या उसात. यावेळी त्या बाजूला चार पोरं उभी केली आणि त्यांना वडापाव ठरवला. ट्रॉफ्या ९,४६०. सामनावीराच्या मागच्या वर्षी एकतीस आणल्या आणि सामने सव्वीसच झाले, म्हणून पाच कपाटात पडून होत्या. त्यांचं स्टिकर बदललं आणि नवीन अठराच घेतल्या. वर्ष ट्रॉफीवर कोरून न घेता स्टिकरवर घ्यावं, हे तेव्हा कळलं. चहापाणी ५,०००, फलक ३,०००, सत्कार पाचच जणांचे, १,२५०. आणि ५,००० आकस्मिक म्हणून बाजूला. बेरीज ७३,२३०, बक्षिसांसह १,३५,२३०. शिल्लक ७७० रुपये. पोरं हसली. मी म्हटलं, आठ हजारांच्या शिल्लकीपेक्षा ही खरी आहे.

उद्घाटन पहिल्या सामन्याआधी न ठेवता तिसऱ्या आणि चौथ्या सामन्याच्या मध्ये दहा मिनिटांचं ठेवलं. पाहुणे यावेळीही उशिरा आले. तोवर तीन सामने होऊन गेले होते. पहिल्या दिवशी आठवा सामना सहा वाजून पाच मिनिटांनी संपला, शेवटच्या षटकात बॉल दिसत नाही म्हणून फलंदाज ओरडत होता. ही कड फार बारीक आहे हे मान्य केलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पहिला बॉल साडेआठला टाकला आणि तो प्रश्न मिटला. एक सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हर झाली, ती दहा मिनिटं त्या अर्ध्या तासातूनच भागली. आकस्मिकमधले ३,२०० खर्च झाले: रोलर १,०००, मंडपवाल्याची दुसरी खेप १,५००, आणि तुटलेले स्टंप व माईकची वायर ७००. उरलेले १,८०० आणि ते ७७०, असे २,५७० रुपये १९ तारखेला खात्यात होते, सगळ्यांचे पैसे देऊन.

मागच्या वर्षी सभासदांनी भरलेले पैसे अजून फिटायचे आहेत. पहिल्या बक्षिसातले ते २६,००० अजून आलेले नाहीत. बागायतदार भेटले की म्हणतात, यंदाचा हंगाम संपला की नक्की. खजिनदाराने त्यांचं नाव नव्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे, पेन्सिलीने.